कारखाना विकला, करार कोणाचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे, असे समजू. धंदा मालकांच्या एकट्याच्या फर्मच्या नावावर. सांगलीच्या एका पंप कारखान्याशी त्यांचा तीन वर्षांचा पुरवठा करार झालेला आहे. दरमहा 2,000 पंप केसिंग द्यायची, नगाला 850 रुपये. चौदा महिने माल वेळेवर गेला, बिलेही वेळेवर निघाली. पुढे मालकांनी निवृत्त व्हायचे ठरवले आणि भट्टी, यंत्रे, शेड, कामगार आणि हातातल्या ऑर्डरी असा सगळा धंदा एका नव्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला विकला. 1 ऑक्टोबरपासून ताबा नव्या कंपनीकडे गेला. पंप कारखान्याला तसे पत्र पाठवले. खरेदी विभागाकडून दोन ओळींची ई-मेल आली: बदलाची नोंद घेतली आहे, पुरवठ्यात खंड पडू देऊ नये.

सगळ्यांना वाटले, झाले काम. नव्या कंपनीने पुढचे चौदा महिने माल दिलाही. मग ती कर्जात बुडाली आणि भट्टी थंडावली. कराराचे आठ महिने शिल्लक होते. पंप कारखान्याने उरलेली 16,000 केसिंग दुसऱ्या फाउंड्रीकडून 980 रुपये दराने घेतली. नगामागे 130 रुपये जास्त गेले, म्हणजे एकूण 20 लाख 80 हजार. ही रक्कम मागणारी नोटीस आली ती घरी बसलेल्या जुन्या मालकांना.

‘मी तर धंदा विकून मोकळा झालो’ हे त्यांचे उत्तर ऐकायला रास्त वाटते. पण कायद्यात ते टिकणे कठीण आहे. धंदा विकण्याचा व्यवहार त्यांच्यात आणि नव्या कंपनीत झाला. पंप कारखान्याला दिलेला शब्द मात्र त्यांचाच होता, आणि त्या शब्दातून त्यांना मोकळे करतो असे कारखान्याने कुठेच म्हटलेले नव्हते.

पुरवठा करारात प्रत्येक बाजूच्या हातात दोन गोष्टी असतात. एक हक्क, दुसरी जबाबदारी. फाउंड्रीचा हक्क म्हणजे दिलेल्या मालाचे पैसे मिळणे. तिची जबाबदारी म्हणजे ठरलेल्या दर्जाचा माल ठरलेल्या दराने आणि ठरलेल्या वेळी देत राहणे. कराराच्या मध्यावर एका पक्षाच्या जागी नवा पक्ष आणायचा असेल, तर या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी जातात. हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्याला व्यवहारात असाइनमेंट म्हणतात. जुना करार संपवून त्याच्या जागी नव्या पक्षाशी नवा करार करण्याला नोव्हेशन म्हणतात. कागदावर दोन्हींचा मसुदा जवळपास सारखा दिसतो. परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भारतात याबाबतचा पायाभूत निकाल ताग पुरवठ्याच्या करारातूनच आला. खरदा कंपनी ही ताग गिरणी आणि रेमन अँड कंपनी हे पुरवठादार यांच्यात 1955 मध्ये कच्च्या तागाचा व्यवहार ठरला होता. माल मिळाला नाही, वाद लवादाकडे आणि तिथून न्यायालयात गेला, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला की हा करार हस्तांतर करता येण्याजोगा होता की नाही. त्या ओघात न्यायालयाने जो नियम मांडला तो आजही वकील रोज वापरतात. करारातले हक्क साधारणपणे दुसऱ्याला देता येतात. करार व्यक्तिगत स्वरूपाचा असेल, किंवा कायद्याने वा पक्षांनी आपसात ठरवून मनाई केली असेल, तर मात्र देता येत नाहीत. जबाबदाऱ्या मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय दुसऱ्यावर टाकता येत नाहीत, आणि अशी संमती दिली गेली की ते खरे तर नोव्हेशनच असते.

या नियमामागचे कारण साधे आहे. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला ते कोणाच्या खात्यात भरायचे याने फारसा फरक पडत नाही. ज्याच्याकडून माल घ्यायचा आहे तो कोण आहे, याने मात्र फार फरक पडतो. पंप कारखान्याने या फाउंड्रीची निवड करताना तिची भट्टी पाहिली, नमुने तपासले, मालकांची बाजारातली पत पाहिली. उद्या त्या जागी दुसऱ्याच कोणाला उभे करायचे असेल, तर कारखान्याला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार हवाच.

पण हक्क तरी नेहमी देता येतो का? इंग्लंडमधले शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे दोन खटले या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्ही पुरवठ्याचेच, आणि दोन्हींत खरेदीदार बदललेला.

पहिला चुनखडीचा. टॉलहर्स्ट या खाणमालकाने 1898 मध्ये एका सिमेंट कंपनीशी करार केला. तिच्या लगतच्या जमिनीवरील सिमेंट कारखान्याला पन्नास वर्षे चुनखडी पुरवायची, आठवड्याला किमान 750 टन, आणि तिथे अधिक लागली तर तीही. दोनच वर्षांत ती कंपनी आपला धंदा एका फार मोठ्या सिमेंट कंपनीला देऊन अवसायनात गेली. खाणमालक म्हणाला, माझा करार छोट्या कंपनीशी होता, या अजस्र कंपनीशी नाही. 1903 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचे म्हणणे फेटाळले. चुनखडी लागणार ती त्याच जमिनीवरच्या सिमेंटसाठी. मालक बदलल्याने गरजेचे स्वरूप बदलत नव्हते. म्हणून चुनखडी घेण्याचा हक्क नव्या कंपनीकडे जाऊ शकत होता. त्याच खटल्यात आधी अपील न्यायालयाने हेही स्पष्ट केले होते की कराराचा भार एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर, समोरच्याच्या संमतीशिवाय, सरकवता येत नाही.

दुसरा खटला अंड्यांचा, 1906 मधला. केम्प हा केक बनवणारा व्यावसायिक. बेअरसेलमन या व्यापाऱ्याने त्याला वर्षभर, त्याच्या उत्पादनाला लागतील तितकी सगळी अंडी द्यायचे कबूल केले. बदल्यात केम्पने दुसऱ्या कोणाकडून अंडी घ्यायची नाहीत, अशी अट होती. वर्ष संपायच्या आत केम्पने आपला धंदा एका मोठ्या बेकरी कंपनीला दिला. व्यापाऱ्याने अंडी द्यायला नकार दिला, आणि अपील न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. ‘त्याला लागतील तितकी’ या शब्दांत त्या माणसाच्या धंद्याचा आवाका गृहीत होता. मोठ्या कंपनीची गरज वेगळी असणार, आणि दुसरीकडून अंडी न घेण्याचे केम्पचे वचन तिला बांधत नव्हते. हा करार माणूस बघून केलेला होता, म्हणून तो हलत नव्हता.

चुनखडी हलली, अंडी हलली नाहीत. आजच्या पुरवठा करारातही हाच प्रश्न विचारायचा असतो. मालाचे प्रमाण, उधारीची मुदत, फक्त तुझ्याकडूनच घेईन असे वचन, यांपैकी काही समोरचा कोण आहे यावर बेतलेले आहे का? असेल, तर करारात मनाईचे कलम नसले तरी हक्क हस्तांतर करण्यात अडचण येऊ शकते. त्यातून बहुतेक छापील करारांत ‘लेखी पूर्वसंमतीशिवाय हस्तांतर करता येणार नाही’ असे कलम असतेच. ते आधी शोधून वाचावे.

आता नोव्हेशन. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 62 मध्ये ते सांगितले आहे. पक्षांनी जुन्या कराराच्या जागी नवा करार करायचे ठरवले, तर जुना करार पाळण्याची गरज उरत नाही. पक्षच बदलायचा असेल तर तिघांचीही कबुली लागते: जाणारा, राहणारा आणि येणारा. या कलमाखाली कायद्याने स्वतः दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. ‘अ’ हा ‘ब’ला हजार रुपये देणे लागतो, आणि ‘ब’ हा ‘क’ला हजार देणे लागतो. ‘ब’ने ‘अ’ला सांगितले, तुझ्या वहीत ते हजार ‘क’च्या नावे जमा कर. पण ‘क’ने याला होकार दिला नाही. मग नवा करार झालाच नाही, आणि ‘ब’ अजूनही ‘क’चा देणेकरी राहतो. शिरोलीच्या फाउंड्रीच्या बाबतीत ‘क’च्या जागी पंप कारखाना ठेवून पाहावे.

कारखान्याची ती ई-मेल होकार होती का? ‘नोंद घेतली’ याचा अर्थ कळले एवढाच होतो. जुन्या मालकांना सोडले आणि त्यांच्या जागी नव्या कंपनीला स्वीकारले, असा तो होत नाही. होकार वागणुकीतूनही सिद्ध होऊ शकतो, हे खरे. कारखान्याने जुनी पर्चेस ऑर्डर बंद करून नव्या कंपनीच्या नावे नवी काढली असेल, जुन्या फर्मचा हिशेब चुकता करून खाते मिटवले असेल, तर जुन्या मालकांना बाजू मांडायला जागा आहे. पण बिलावर नवा जीएसटी क्रमांक आला, पैसे नव्या खात्यात गेले, एवढ्यावरून जुन्याची सुटका झाली असे म्हणणे धोक्याचे. माल दुसऱ्याकरवी पोहोचवणे हे करार कायद्यात मुळीच वर्ज्य नाही. कलम 40 प्रमाणे, स्वतःच काम करायचे असा उद्देश नसेल तर वचन देणारा ते सक्षम माणसाकडून करवून घेऊ शकतो. त्यात वचनाची जबाबदारी मात्र देणाऱ्याकडेच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला नव्या कंपनीचा पुरवठा तसाच दिसतो.

कलम 41 इथे थोडे संरक्षण देते. तिऱ्हाइताने केलेली पूर्तता एकदा स्वीकारली, की तीच पूर्तता मूळ वचन देणाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. म्हणजे नव्या कंपनीने चौदा महिने दिलेला आणि कारखान्याने स्वीकारलेला माल जुन्या मालकांकडून परत मागता येणार नाही. पण जो आठ महिन्यांचा माल कोणीच दिला नाही, त्याचा प्रश्न तसाच उरतो.

नोव्हेशन न झाल्याने तोटा फक्त जुन्या मालकांचा झाला असे नाही. पंप कारखान्याचीही बाजू कच्चीच राहिली. पुढचे बावीस महिने माल देईन असे वचन नव्या कंपनीने दिले ते जुन्या मालकांना, धंदा विकत घेण्याच्या करारात. कारखान्याशी तिचा थेट करार नाही. त्यामुळे मधेच दर वाढवून मागितला किंवा पुरवठा थांबवला, तर तिला जुन्या दराला बांधून ठेवायला कारखान्याच्या हातात पक्का कागद नाही.

पैशांची बाजू तुलनेने सोपी आहे, पण तिच्यातही मेख आहे. 1 ऑक्टोबरला पंप कारखान्याकडून दोन महिन्यांच्या बिलांचे, जीएसटी बाजूला ठेवल्यास, 34 लाख रुपये येणे होते. ही येणी जुन्या मालकांनी धंद्याबरोबर नव्या कंपनीला विकली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 130 प्रमाणे हे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. कारखान्याच्या संमतीची गरज नाही, पण त्याला लेखी नोटीस पोहोचायला हवी. ती पोहोचायच्या आत कारखान्याने जुन्याच खात्यात पैसे भरले, तर ते फिटले असेच धरले जाते. नव्या कंपनीला मग जुन्या मालकांच्या मागे लागावे लागते.

मेख पुढे आहे. कलम 132 सांगते की येणे विकत घेणारा ते जसेच्या तसे, त्यावरच्या दाव्यांसकट घेतो. कारखान्याने सुरुवातीला 10 लाख रुपये आगाऊ दिले होते. त्यातले 4 लाख बिलांमधून वळते झाले, 6 लाख बाकी होते. शिवाय आधीच्या मालातली 300 केसिंग ब्लो होल निघाल्याने नापास झाली होती आणि त्याची 2 लाख 55 हजारांची डेबिट नोट लागलेली होती. नव्या कंपनीने 34 लाख गृहीत धरून धंद्याची किंमत ठरवली. हातात पडले 25 लाख 45 हजार. कारखान्याने काही वावगे केले नाही. जुन्या मालकांविरुद्ध त्याला जी वजावट मिळाली असती, तीच नव्या कंपनीविरुद्धही मिळाली. येणी विकत घेणाऱ्याने खरेदीआधी समोरच्याकडून खातेउतारा आणि बाकीची लेखी खातरजमा घ्यावी, ती याचसाठी.

बँक गॅरंटीचा धागाही इथेच सुटतो. आगाऊ रकमेपोटी जुन्या मालकांच्या बँकेने कारखान्याला गॅरंटी दिलेली होती. ती जुन्या फर्मच्या वर्तनाची हमी आहे, नव्या कंपनीची नाही. आता नोव्हेशन केले तर जुना ऋणको सुटतो, आणि करार कायद्याच्या कलम 134 प्रमाणे मूळ ऋणकोला मोकळे केले की जामीनही सुटतो. त्यामुळे कारखान्याचा वित्त विभाग नोव्हेशनवर सही करण्याआधी नव्या कंपनीच्या बँकेची गॅरंटी हातात मागतो, आणि ती आल्यावरच जुनी परत करतो. हा क्रम उलटा झाला तर मधल्या दिवसांत 6 लाखांमागे काहीच तारण उरत नाही.

मग चांगल्या नोव्हेशनच्या कागदात काय असते? पहिले म्हणजे सुटकेचे स्पष्ट वाक्य: अमुक तारखेपासून पंप कारखाना जुन्या फर्मला कराराच्या पुढच्या सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त करत आहे. न्यायालये या वाक्याचा सुगावा शोधतात. मुंबईतल्या एका सदनिकेच्या वादात 1987 च्या करारानंतर बांधकाम कंपनीने 1991 मध्ये ग्राहकाशी पैसे देण्याचा दुसरा करार केला आणि पुढे जुना करार त्यामुळे संपला असा बचाव घेतला. लता कन्स्ट्रक्शनच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. दुसऱ्या कराराने पहिल्यातले हक्क पूर्णपणे सोडून दिलेले नव्हते, म्हणून जुन्याची जागा नव्याने घेतली असे म्हणता येत नव्हते.

दुसरे म्हणजे सीमारेषा. 1 ऑक्टोबरआधीच्या मालातले दोष कोणी भरून द्यायचे, नंतरचे कोणी, हे लिहावे लागते. कागदावर ही रेषा सरळ दिसते, भट्टीवर नाही. 29 सप्टेंबरला ओतलेली केसिंग 4 ऑक्टोबरला ट्रकमध्ये चढतात. सहा महिन्यांनी पंप गळायला लागला की जुने मालक म्हणणार डिलिव्हरी नव्यांची, नवे म्हणणार ओतकाम जुन्यांचे. फाउंड्रीवाल्यांकडे यावर उत्तर आधीपासूनच असते. प्रत्येक ओताचा हीट नंबर कास्टिंगच्या अंगावर उठवलेला असतो आणि तोच टेस्ट सर्टिफिकेटवरही लिहिलेला असतो. जबाबदारीची रेषा चलनाच्या तारखेने आखण्याऐवजी हीट नंबरने आखली, तर प्रत्येक नगावरून ती वाचता येते. पंप कारखान्याच्या मालकीचे पॅटर्न फाउंड्रीत पडून असतात. त्यांचीही नंबरवार यादी करून तिघांनी सही करावी, म्हणजे नवी कंपनी बुडाली तरी तिच्या बँकेचा माणूस ते फाउंड्रीची मालमत्ता म्हणून उचलू शकणार नाही.

तिसरे म्हणजे उरलेल्या अटी. दर, मुदत, उशिराचा दंड, लवादाचे ठिकाण हे सगळे नव्या कंपनीला लागू राहील असे लिहावे, कारण नोव्हेशन म्हणजे कायद्याच्या नजरेत नवा करार. जे नव्यात घेतले नाही ते जुन्याबरोबर गेले, असा वाद कोणीही उभा करू शकतो.

प्रत्येक मालकबदलाला हे सगळे लागते असेही नाही. फाउंड्री आधीच प्रायव्हेट लिमिटेड असती आणि जुन्या मालकांनी फक्त तिचे शेअर विकले असते, तर करार करणारी कंपनी तीच राहिली असती. त्यात ना असाइनमेंट, ना नोव्हेशन. मात्र नियंत्रण बदलल्यास करार रद्द करण्याचा अधिकार देणारे कलम करारात आहे का, ते पाहावे लागते. दोन कंपन्यांचे विलीनीकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने झाले, तर करार सामान्यतः त्या आदेशासोबतच नव्या कंपनीकडे जातात. शिरोलीच्या उदाहरणात अडचण आली ती एका फर्मने आपला धंदा दुसऱ्या कंपनीला विकल्यामुळे, आणि लहान उद्योगांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

पंप कारखान्याने नोव्हेशनला नकार दिला असता तर? तसा त्याला पूर्ण अधिकार होता. नवी कंपनी त्याला अनोळखी होती, आणि चांगल्या पतीचा देणेकरी सोडून नवखा घेण्यात त्याचा काही फायदा नव्हता. अशा वेळी धंदा विकणाऱ्यांकडे एकच सुरक्षित मार्ग उरतो. करार आपल्याच नावावर ठेवायचा, नव्या कंपनीला उपपुरवठादार म्हणून नेमायचे, तिच्याकडून नुकसानभरपाईची लेखी हमी घ्यायची आणि ती हमी कोरडी राहू नये म्हणून तिच्या बँकेची गॅरंटी किंवा ठेव आपल्याकडे ठेवायची. कारखान्याला पहिल्या तीन महिन्यांचा माल तपासून मग निर्णय घ्यायचा असेल, तर तेवढा काळ ही व्यवस्था चालवून नंतर नोव्हेशन करता येते. आणि या सगळ्याची बोलणी धंदा विकण्याच्या करारावर सही व्हायच्या आधी सुरू करावी लागतात. विकणारे बाहेर पडल्यावर सांगलीच्या कारखान्याला त्यांना मोकळे करण्याची काहीच घाई नसते.